जाहिरातींच्या हिशेबात न बसणाऱ्या ऑर्डरी

पुण्यात घरगुती मसाले विकणारं एक छोटं दुकान घेऊ. गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी असा माल. विक्री मुख्यतः स्वतःच्या वेबसाइटवरून. दुकान कल्पनेतलं आहे आणि आकडे सोयीसाठी गोल घेतले आहेत, पण गणित असंच चालतं. आठवड्याभरात दुकानाच्या वहीत ४०० ऑर्डरी नोंदल्या गेल्या. फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या जाहिराती ज्या मेटाच्या खात्यातून दिल्या, ते खातं म्हणतं, यांपैकी १७० आमच्यामुळे आल्या. गुगल म्हणतं, ९० आमच्यामुळे. दोघांची बेरीज २६०. राहिल्या १४०, म्हणजे ३५ टक्के. या १४० ऑर्डरींचं श्रेय कोणीच घेतलेलं नाही.

बहुतेक दुकानदार या १४०कडे लक्ष देत नाहीत. कोणी त्यांना ‘आपोआप आलेल्या’ म्हणून बाजूला ठेवतं. कोणी त्या मेटा आणि गुगलमध्ये त्यांच्या-त्यांच्या प्रमाणात वाटून टाकतं, म्हणजे ताळमेळ बसल्याचं समाधान मिळतं. दोन्ही प्रकारांत एक उपयोगी आकडा हातचा जातो. हा ३५ टक्क्यांचा बिनश्रेयाचा वाटा दर आठवड्याला वेगळ्या रकान्यात लिहून ठेवला, तर काही महिन्यांत तो अशा गोष्टी सांगू लागतो ज्या मेटा किंवा गुगलच्या अहवालात कधीच दिसत नाहीत. तो एका आठवड्यात किती आहे, याला फारसा अर्थ नाही. तो कधी आणि कशासोबत हलतो, यात सगळं आहे.

श्रेय कसं दिलं जातं

आधी श्रेयाची पद्धत समजून घ्यायला हवी. मेटाचा नेहमीचा नियम असा: जाहिरातीवर क्लिक केल्यापासून सात दिवसांत, किंवा जाहिरात नुसती दिसल्यापासून एका दिवसात खरेदी झाली, तर ती जाहिरातीमुळे झाली असं धरायचं. गुगलच्या शोध-जाहिरातींत क्लिकनंतरची मुदत साधारणपणे तीस दिवसांची असते. दोघंही आपापल्या घरी बसून हिशेब करतात आणि एकमेकांच्या वहीत डोकावत नाहीत. एखाद्या बाईंनी सोमवारी इन्स्टाग्रामवर जाहिरात पाहून क्लिक केलं, बुधवारी गुगलवर दुकानाचं नाव शोधून वर आलेल्या जाहिरातीवर क्लिक केलं आणि मसाला मागवला, तर ती एकच ऑर्डर दोन्ही खात्यांत जमा होते.

याचा अर्थ २६० हा आकडाही पक्का नाही. त्यात काही ऑर्डरी दोनदा मोजलेल्या आहेत. किती, हे बाहेरून कळत नाही, कारण कोणत्या ऑर्डरींचं श्रेय घेतलं याची यादी ही खाती देत नाहीत. पण मर्यादा काढता येतात. एकही ऑर्डर दोनदा मोजली नसेल, तर बिनश्रेयाच्या ऑर्डरी १४०. उलट गुगलच्या सगळ्या ९० मेटाच्या १७०मध्येच असतील, तर श्रेय मिळालेल्या ऑर्डरी फक्त १७० आणि बिनश्रेयाच्या २३०. खरा आकडा या दोहोंच्या मधे कुठेतरी असतो, म्हणजे ३५ ते साडेसत्तावन्न टक्के. स्प्रेडशीटमध्ये एकूण ऑर्डरी B, मेटा C आणि गुगल D या रकान्यांत असतील, तर दोन सूत्रं पुरतात:

```
=(B2-C2-D2)/B2
=(B2-MAX(C2,D2))/B2
```

पहिलं सूत्र खालची मर्यादा देतं, दुसरं वरची. रोजच्या वापराला पहिलं पुरेसं आहे. ते कधीकधी उणे उत्तर देतं. मेटाने २६० आणि गुगलने १७० सांगितल्या आणि वहीत ४००च असतील, तर उत्तर उणे साडेसात टक्के येतं. सूत्र बरोबरच आहे. जास्तीच्या निदान ३० ऑर्डरी दोनदा मोजल्या गेल्या किंवा मुळात झाल्याच नाहीत, याचा तो पुरावा आहे.

या वाट्यात कोण असतं

बिनश्रेयाच्या ऑर्डरींत दोन अगदी वेगळ्या जातीचे लोक एकत्र असतात. पहिले ते, ज्यांना जाहिरातीची गरजच नव्हती: दर दोन महिन्यांनी मसाला मागवणारे जुने गिऱ्हाईक, शेजारणीने नाव सांगितलं म्हणून आलेले, व्हॉट्सअ‍ॅपवर ‘नेहमीचं पाठवा’ एवढाच निरोप टाकणारे. दुसरे ते, ज्यांना जाहिरातीनेच आणलं, पण वाटेत त्यांचा माग तुटला.

माग तुटण्याची कारणं बरीच आहेत. जाहिरात मोबाइलवर पाहिली आणि खरेदी घरच्या संगणकावर केली. इन्स्टाग्रामच्या आतल्या ब्राउझरमध्ये दुकान पाहिलं आणि संध्याकाळी क्रोममध्ये नाव टाकून परत आले. या दोन ब्राउझरना एकमेकांची ओळख नसते. आयफोनवर एप्रिल २०२१पासून प्रत्येक अ‍ॅपला माग काढण्यासाठी परवानगी विचारावी लागते आणि अनेक जण नकार देतात. अशा ठिकाणी मेटा आणि गुगल काही प्रमाणात अंदाजाने आकडे भरतात, त्यामुळे त्यांच्या बेरजेत थोडा अंदाजही मिसळलेला असतो.

आपल्याकडचं एक कारण मात्र जवळून पाहण्यासारखं आहे, कारण ते दुरुस्त करता येतं. बहुतेक वेबसाइटवर खरेदीची खबर मेटाला देणारा कोड ‘धन्यवाद, तुमची ऑर्डर मिळाली’ या पानावर बसवलेला असतो. ते पान उघडलं, की खबर जाते. आता गिऱ्हाईक यूपीआयने पैसे देतं तेव्हा काय होतं पाहा. ‘पैसे भरा’ दाबलं की फोन गुगल पे किंवा फोनपेवर उडी मारतो. पिन टाकला, हिरवी खूण आली, काम झालं. बरेच लोक तिथेच फोन खाली ठेवतात. दुकानाच्या पानावर परत येतच नाहीत. पेमेंट गेटवे दुकानाच्या सर्व्हरला परस्पर कळवतो, त्यामुळे ऑर्डर वहीत पडते आणि पुडा रवाना होतो. पण ‘धन्यवाद’चं पान उघडलंच नाही, म्हणून मेटाच्या लेखी ही खरेदी झालीच नाही.

याची परीक्षा दहा मिनिटांची आहे. मेटाच्या Events Manager मध्ये Test Events नावाचं पान असतं. तिथून वेबसाइट उघडायची, सगळ्यांत स्वस्त पुडा मागवायचा, यूपीआयने पैसे द्यायचे आणि परत न येता फोन बाजूला ठेवायचा. यादीत Purchase उमटलं नाही, तर मागातलं भोक सापडलं. उपाय असा, की खरेदीची खबर पानाकडून न देता दुकानाच्या सर्व्हरने थेट मेटाला द्यायची. तिथे एक काळजी घ्यावी लागते. पान आणि सर्व्हर दोघंही खबर देत असतील, तर दोघांनी एकाच खरेदीला एकच event_id लावला पाहिजे. तो जुळला नाही, तर एक खरेदी दोनदा मोजली जाऊ शकते, मेटाचा आकडा फुगतो आणि बिनश्रेयाचा वाटा कमी झाल्याचा भास होतो. पहिला बिघाड वाटा वाढवतो, दुसरा घटवतो. दोन्ही बिघाडांत दुकानाची विक्री जिथल्या तिथेच असते.

नोंद ठेवण्याची शिस्त

वाट्याच्या हालचालीवर विश्वास ठेवायचा, तर दर वेळी तो एकाच पद्धतीने मोजायला हवा. सगळ्यांत मोठा सापळा तारखांचा आहे. गिऱ्हाइकाने गुरुवारी क्लिक केलं आणि पुढच्या मंगळवारी मसाला मागवला, तर दुकानाच्या वहीत ही ऑर्डर मंगळवारी पडते, पण मेटा ती मागे जाऊन गुरुवारच्या नावावर लावतं. गुगलचा मूळ रकानाही क्लिकच्या दिवसाचाच असतो, खरेदीच्या दिवसाप्रमाणे आकडे हवे असतील, तर Conversions (by conv. time) हा वेगळा रकाना निवडावा लागतो. त्यामुळे नुकत्याच संपलेल्या आठवड्याचा हिशेब सोमवारी काढला, तर त्यात बिनश्रेयाचा वाटा नेहमी जास्त दिसतो आणि पुढच्या काही दिवसांत आपोआप उतरतो. तो उतार काही सांगत नाही. आठवडा संपल्यावर दहा दिवस थांबायचं, मग आकडे घ्यायचे आणि त्यानंतर त्यांना हात लावायचा नाही. दहाऐवजी चौदा दिवस ठरवले तरी चालेल, फक्त ते बदलायचे नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे ऑर्डर कशाला म्हणायचं. कॅश ऑन डिलिव्हरीचे काही पुडे दारातून परत येतात. मेटा आणि गुगल ऑर्डर नोंदल्याच्या क्षणी मोजतात. पुडा परत आला तरी त्यांचा आकडा सहसा तसाच राहतो. दुकानाने मात्र परत आलेले पुडे वजा करून ‘एकूण’ लिहिले, तर एका बाजूला पोहोचलेल्या आणि दुसऱ्या बाजूला नोंदलेल्या ऑर्डरी येतात. वजाबाकी एकाच जातीच्या आकड्यांची हवी. म्हणून या हिशेबापुरता एकूण आकडाही नोंदलेल्या ऑर्डरींचाच घ्यायचा. फोनवरच्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ऑर्डरी धरायच्या असतील तर कायम धरायच्या, नाहीतर कधीच नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे तारखांसह एक छोटी टिपणवही: पेमेंट गेटवे कधी बदलला, वेबसाइट कधी नवी केली, जाहिरातीचा खर्च कधी वाढवला, श्रेयाची मुदत कधी बदलली. २०२१च्या सुरुवातीला मेटाने क्लिकनंतरची नेहमीची मुदत अठ्ठावीस दिवसांवरून सातवर आणली. मुदत आखडली की उशिरा खरेदी करणाऱ्यांचं श्रेय जातं. विक्री तीच, गिऱ्हाईक तेच, आणि तरीही बिनश्रेयाचा वाटा वर. टिपण नसेल तर अशी उडी बघून माणूस भलतीच कारणं शोधत बसतो.

वाटा हलला, की काय समजायचं

वाट्यासोबत नेहमी एकूण ऑर्डरी आणि खर्च पाहायचा. तीन हालचाली वारंवार दिसतात.

पहिली: एकूण ऑर्डरी ४००च, खर्चही तोच, पण मेटा १७०वरून १३०वर आणि गुगल ९०वरून ७०वर आलं. वाटा ३५वरून ५० टक्के झाला. गिऱ्हाईक तितकंच येतंय, पण दिसेनासं झालंय. इथे जाहिरात बिघडलेली नाही, मोजणी बिघडली आहे. दोन्ही खात्यांचे आकडे एकाच आठवड्यात पडले असतील, तर कारण बहुधा दुकानाच्याच वेबसाइटवर सापडतं: नवा गेटवे, बदललेलं ‘धन्यवाद’चं पान, नव्याने बसवलेली कुकी-परवानगीची पट्टी. अशा वेळी घाबरून जाहिराती बंद करणं म्हणजे चालत्या गोष्टीला खीळ घालणं.

दुसरी: एकूण ४००वरून ४८०वर गेले, मेटा १७५, गुगल ९५. वाटा ३५वरून साधारण ४४ टक्के. जाहिरातींनी जेमतेम दहा जास्त सांगितल्या, पण ऑर्डरी ऐंशीने वाढल्या. बाहेर काहीतरी घडलं आहे. दिवाळी जवळ आली असेल, कोणा यूट्यूबरने भाजणीचं थालीपीठ करून दाखवलं असेल, वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या असतील. अशा वेळी ऑर्डरच्या फॉर्मवर ‘आमच्याबद्दल कुठे कळलं?’ हा एकच प्रश्न ठेवला, तर उत्तर लवकर मिळतं.

तिसरी हालचाल सगळ्यांत फसवी असते, कारण ती चांगल्या बातमीच्या वेषात येते. तीत वाटा कमी होतो. ती सविस्तर पाहू.

खर्च वाढला, श्रेय वाढलं, आणि विक्री?

आपल्या मसाल्याच्या दुकानाने जाहिरातीचा आठवड्याचा खर्च ६० हजारांवरून ९० हजारांवर नेला आणि चार आठवडे तसाच ठेवला. मेटाच्या ऑर्डरी आठवड्याला सरासरी १७०वरून २२०वर गेल्या, गुगलच्या ९०वरून १००वर. एकूण साठ जास्त. तीस हजार जादा खर्चात साठ ऑर्डरी, म्हणजे ऑर्डरमागे ५०० रुपये. अहवालात हे छान दिसतं आणि आणखी खर्च वाढवण्याची शिफारसही लगेच येते.

वही मात्र सांगते, की एकूण ऑर्डरी ४००वरून ४१२वर गेल्या. बिनश्रेयाच्या १४०वरून ९२वर आल्या. वाटा ३५वरून बावीस टक्क्यांवर. जाहिरातींनी साठ जास्त ऑर्डरींवर नाव लावलं, पण त्यातल्या अठ्ठेचाळीस आधीच्या बिनश्रेयाच्या वाट्यातून उचलल्या. नव्याने आल्या त्या फक्त बारा. तीस हजार भागिले बारा, म्हणजे ऑर्डरमागे अडीच हजार रुपये. मसाल्याची सरासरी ऑर्डर साडेसहाशेची असेल, तर हा सरळ तोटा आहे.

इथे योगायोगाचा हिशेबही ठेवायला हवा. चार आठवड्यांच्या १,६०० ऑर्डरींत निव्वळ योगायोगाने चाळीस-पन्नास इकडे-तिकडे होऊ शकतात. म्हणून वाढ नेमकी बाराचीच होती, असं म्हणता येणार नाही. ती शून्यही असेल, पंचवीसही असेल. पण चार आठवड्यांत जाहिरात-खाती २४० जादा ऑर्डरी सांगतात आणि वहीत ४८ दिसतात, हा फरक योगायोगाने पडत नाही. म्हणूनच एका आठवड्यावरून निष्कर्ष काढायचा नाही, चार आठवड्यांची बेरीज पाहायची.

दुकानाच्या वहीत आणखी एक साक्षीदार असतो, गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर. त्यावरून जुनं कोण, नवं कोण, हे वेगळं काढता येतं. खर्च वाढवण्यापूर्वी आठवड्याला १७५ ऑर्डरी जुन्या नंबरांवरून येत होत्या आणि २२५ नव्या. नंतर १८० जुन्या आणि २३२ नव्या. आता ३२० ऑर्डरींचं श्रेय घेतलं गेलं आहे, पण नवी गिऱ्हाइकं २३२च आहेत. वरच्या ८८ एकतर जुन्या गिऱ्हाइकांच्या आहेत, नाहीतर दोनदा मोजलेल्या. तिसरी शक्यता उरते ती एवढीच, की त्या झाल्याच नाहीत.

हे कसं घडतं, याचं उत्तर जाहिरात-यंत्रणेच्या कामातच आहे. तिला सांगितलेलं असतं, की खरेदी करण्याची शक्यता ज्यांची जास्त, त्यांना शोध. खर्च वाढला, की सगळ्यांत सोपी माणसं तिला सापडतात ती कालच वेबसाइटवर येऊन गेलेली, टोपलीत मसाला टाकून थांबलेली, मागच्या महिन्यात मागवलेली. त्यांना जाहिरात दिसते, ती उद्या मागवणारच असतात, मागवतात, आणि ‘दिसल्यापासून एका दिवसात’ या नियमाने श्रेय जमा होतं. यात कोणाची लबाडी नाही. नियमाप्रमाणेच मोजणी झालेली आहे. फक्त तो नियम ‘जाहिरात नसती तर काय झालं असतं’ हा प्रश्न विचारतच नाही.

हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर विचारला तो ईबे या अमेरिकी कंपनीने. २०१२मध्ये त्यांनी याहू आणि एमएसएनवर स्वतःच्या नावाच्या शोधाला जोडलेल्या जाहिराती थांबवून पाहिल्या. लोक ‘ईबे’ असं शोधत आणि वर आलेल्या जाहिरातीवर क्लिक करत. हे क्लिक जाहिरातीने मिळवलेले मानले जात. जाहिरात गेल्यावर त्यांतले ९९.५ टक्के क्लिक त्याच पानावर खाली असलेल्या फुकटच्या दुव्यावरून आले. पुढे अमेरिकेच्या काही भागांत इतर शब्दांवरच्या जाहिरातीही बंद करून पाहिल्या, तेव्हा असं दिसलं, की नव्या आणि क्वचित येणाऱ्या गिऱ्हाइकांवर जाहिरातीचा परिणाम होतो, नेहमीच्या गिऱ्हाइकांवर जवळजवळ नाही. थॉमस ब्लेक, क्रिस नोस्को आणि स्टीव्हन टडेलिस यांचा हा अभ्यास २०१५मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात आला.

छोट्या दुकानालाही ही परीक्षा करता येते. नाशिक आणि नागपूरमध्ये चार आठवडे जाहिराती थांबवायच्या, पुणे-मुंबईत चालू ठेवायच्या आणि प्रत्येक ठिकाणच्या एकूण ऑर्डरी आधीच्या चार आठवड्यांशी ताडायच्या. जाहिरात थांबलेल्या शहरांत श्रेय शून्यावर येईल, ते ठरलेलंच आहे. पाहायचं ते एकूण किती पडलं. श्रेयाइतकंच एकूण पडलं, तर जाहिरात खरोखर गिऱ्हाईक आणत होती. एकूण जवळजवळ तसंच राहिलं आणि बिनश्रेयाचा वाटा फुगला, तर ती फक्त नाव लावत होती. ऑर्डरी मोजक्याच असतील तर उत्तर धूसर येईल, म्हणून ज्या शहरांतून आठवड्याला निदान पन्नासेक ऑर्डरी येतात, तीच निवडावीत.

बिनश्रेयाचा वाटा एकटा हा निवाडा करू शकत नाही, हे ध्यानात ठेवायला हवं. तो वाढला म्हणजे लोकांच्या तोंडी नाव झालं, असंही नाही. मागातलं एखादं भोकही तसंच दिसतं. तो कुठे पाहायचं एवढं सांगतो; का झालं ते टिपणवही, मोबाइल नंबर आणि परीक्षा सांगतात. दुसऱ्याच्या दुकानाशी त्याची तुलनाही करू नये. फोनच्या कव्हरसारखी एकदाच घ्यायची वस्तू विकणाऱ्याचा वाटा आणि दर दोन महिन्यांनी संपणाऱ्या मसाल्याचा वाटा सारखे नसणारच.

मसाल्याच्या दुकानाने आता करायचं ते एवढंच. गेल्या सहा महिन्यांत ज्यांनी ऑर्डर दिली त्यांच्या नंबरांची यादी जाहिरात-खात्यात टाकून त्यांना जाहिरातीतून वगळायचं आणि खर्च पुन्हा ६० हजारांवर आणायचा. मग मेटाचा आकडा पडेल, ऑर्डरमागचा खर्च अहवालात वाढलेला दिसेल आणि बिनश्रेयाचा वाटा कदाचित चाळीस टक्क्यांच्याही वर जाईल. जाहिराती सांभाळणाऱ्या माणसाला हा महिना वाईट गेल्यासारखा वाटेल, म्हणून त्याच्याशी आधीच बोलून ठरवायला हवं, की निर्णय या आकड्यांवर होणार नाही. चार आठवड्यांनी वहीत दोनच गोष्टी पाहायच्या: नवी गिऱ्हाइकं आठवड्याला सव्वादोनशेच्या आसपास टिकली का, आणि एकूण ऑर्डरी चारशेच्या आसपास राहिल्या का. दोन्हींचं उत्तर होय असेल, तर महिन्याचे सव्वा लाख वाचले, आणि ते वाचवणारा आकडा जाहिरातीच्या कोणत्याही खात्यात छापलेला नव्हता.